सहाचा आकडा कुठून मोजायचा?

गेल्या गणपतीत माझ्या नौपाड्यातल्या क्लासमधली एक मुलगी घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्डला बसली. ग्रेडच्या परीक्षा देत आलेली, थिअरी पक्की. गाण्याच्या ओळींवर कॉर्ड लिहिलेले होते: C, F6, G7, C. F6 आला की ती डाव्या हाताने खालचा A धरायची आणि वर C, F. बेसवाला त्याच वेळी F वाजवत होता. खालच्या सप्तकात हे दोन सूर जवळजवळ आले की आवाज गढूळ होतो, तसा तो होत होता. शिवाय गायिका त्या जागी D वर थांबायची आणि तो सूर मुलीच्या कॉर्डमध्ये नव्हताच.

ती चुकली, पण तिला शिकवलं होतं त्याच नियमाने ती वाजवत होती. गोंधळ त्या 6 च्या आकड्यातला आहे आणि तो बराच जुना आहे.

1600 च्या सुमारास इटलीत बेसच्या ओळीवर आकडे छापायला सुरुवात झाली. ऑर्गनवाल्यासमोर फक्त खालचे सूर असत, वरचे त्याने आकड्यांवरून भरायचे. A वर 6 लिहिला असेल तर A पासून मोजून सहावा सूर, म्हणजे F, आणि तिसरा C. मोजणी सुरू होते ती सर्वांत खालच्या सुरापासून. कॉर्डला नाव देण्याची गरजच नव्हती.

ते नाव देण्याची वाट फ्रेंच संगीतकार रामोने 1722 च्या ग्रंथात मोकळी केली. F-A-C आणि A-C-F हा एकच कॉर्ड, फक्त उलटवलेला, आणि त्याचा मूळ सूर F, असं त्याने मांडलं. पुढे जर्मनीत फोग्लरने आणि 1817 पासून गॉटफ्रीड वेबरने त्या मूळ सुराला स्केलमधल्या जागेनुसार रोमन आकडा दिला. मेजरला मोठं अक्षर आणि मायनरला छोटं, ही रीत वेबरची. नंतरच्या शिक्षकांनी त्या रोमन आकड्याला बेसचे जुने अंक जोडले. त्यामुळे IV⁶ या एकाच खुणेत दोन मोजण्या आल्या: IV ची मोजणी सा पासून, 6 ची सर्वांत खालच्या सुरापासून. ती मुलगी F6 वाचून IV⁶ वाजवत होती.

कॉर्डची नावं वेगळ्याच घरातून आली. 1920 च्या दशकात अमेरिकेत गाण्यांच्या छापील प्रतींवर युकुलेलेची बोटं दाखवणाऱ्या चौकटी आणि त्यांची नावं येऊ लागली. युकुलेलेवाल्याकडे बेस नसतोच, म्हणून आकडा मूळ सुरापासून मोजला गेला. F6 म्हणजे F-A-C आणि त्यात F पासूनचा सहावा सूर D. 1942 मध्ये जॉर्ज गुडविनने रेडिओवाल्यांसाठी ट्यून-डेक्स नावाची कार्डं काढली: चाल, शब्द आणि वर कॉर्डची नावं. त्या कार्डांच्या चोरट्या नकलांतून फेक बुक नावाची गाण्यांची पुस्तकं निघाली आणि आजची लीड शीट त्याच वळणाची आहे. खाली मुद्दाम दुसरा सूर हवा असेल तर तिरकी रेघ मारून लिहितात, F/A. परीक्षेतल्या IV⁶ चं खरं भाषांतर हे.

आता त्याच कागदावरचा F6 पुन्हा बघा. सूर F, A, C, D, म्हणजे सा C धरला तर म, ध, सा, रे. हेच चार सूर Dm7/F चेही आहेत. मग मूळ सूर म की रे? रामोला हाच पेच पडला होता आणि त्याने दोन्ही वापर मान्य केले: पुढे कुठे जातो त्यावर ठरवायचं. ध्रुवपदात F6 नंतर G7 येतो, म्हणून तिथे मूळ सूर रे धरून मी तिला खाली ii⁶₅ लिहायला सांगितलं (खालच्या F पासून D सहावा, C पाचवा). कडव्याच्या शेवटी F6 सरळ C वर उतरतो. तिथे रे ला पुढे ढकलणारा प वाटेत नाही, म्हणून तो IV आणि जोडीला D. वर नाव तेच, हातातले सूर तेच, खालची खूण वेगळी. लीड शीट हा फरक सांगत नाही. तिचं काम कोणते सूर धरायचे ते सांगण्यापुरतं आहे.

रोमन आकड्यांचा खरा उपयोग तालमीच्या दिवशीच कळला. गायिकेला गाणं उंच हवं होतं, पांढरी एकऐवजी पांढरी तीन. कागदावरची सगळी नावं बदलली: E, A6, B7, E. मुलीने खाली पेन्सिलीने लिहिलेलं I, ii⁶₅, V⁷, I मात्र तसंच राहिलं. पेटीवाल्याला सा हलला एवढंच सांगावं लागतं, तसंच. तिने A6 ला खाली A ठेवला, वर C#, E आणि F#, आणि गायिका ज्या F# वर थांबली तो सूर या वेळी कीबोर्डच्या कॉर्डमध्ये होता.