द्रावक निष्कर्षण

पाण्यात विरघळलेला पदार्थ, पाण्यात न मिसळणाऱ्या दुसऱ्या द्रावकात ओढून घेण्याची पद्धत. दोन्ही द्रव विलगकारी नरसाळ्यात (सेपरेटिंग फनेलमध्ये) एकत्र हलवले की पदार्थ दोन्ही थरांत वाटला जातो. ही वाटणी ठरावीक तापमानाला ठरावीक प्रमाणात होते, हा नियम वाल्टर नेर्न्स्ट यांनी १८९१ मध्ये मांडला. द्रावकातील संहती भागिले पाण्यातील संहती म्हणजे वितरण गुणांक.

समजा, १०० मिली पाण्यात १ ग्रॅम पदार्थ आहे आणि वितरण गुणांक ४ आहे. १०० मिली द्रावक एकदम घातले तर ०.८ ग्रॅम द्रावकात जातो आणि ०.२ ग्रॅम पाण्यात उरतो. आता तेच द्रावक २५-२५ मिलीच्या चार भागांत वापरू. आकारमान पाण्याच्या चौथाई, पण ओढ चौपट. म्हणून प्रत्येक वेळी बरोबर निम्मा पदार्थ निघतो. पाण्यात अनुक्रमे ०.५, ०.२५, ०.१२५ आणि शेवटी ०.०६२५ ग्रॅम उरतो. द्रावक तेवढेच, पण मागे राहिलेला पदार्थ आधीच्या एक-तृतीयांशाहूनही कमी. कारण असे, की प्रत्येक नवा भाग कोरा असतो. एकदम घातलेल्या द्रावकात मात्र पदार्थाची संहती पाण्यातल्या संहतीच्या चौपट झाली की ओढ तिथेच थांबते.

भाग कितीही बारीक केले तरी या उदाहरणात ०.०१८ ग्रॅमच्या खाली जाता येत नाही. शिवाय प्रत्येक खेपेला थोडे द्रावक काचेला चिकटून राहते. म्हणून तीन-चार खेपा पुरेशा.

सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार जातो, तर ईथर ३४.६ अंश सेल्सिअसलाच उकळते. बंद नरसाळ्यात वाफेचा दाब इतका वाढतो की बूच उडते. अशा हवेत ७७ अंशांना उकळणारे एथिल ॲसिटेट बरे. त्याचा दोष वेगळा आहे: १०० मिली पाण्यात ते सुमारे ८ ग्रॅम विरघळते, म्हणजे २५ मिलीच्या पहिल्या भागातला जवळजवळ तिसरा हिस्सा पाण्यातच गडप होतो आणि वरचे गणित बिघडते. पाण्यात आधीच भरपूर मीठ विरघळवले की ही गळती बरीच कमी होते.

नरसाळे दोन-तृतीयांशापेक्षा जास्त भरू नये. बूच दाबून धरून ते उलटे करावे, नळी माणसांपासून दूर वळवून तोटी उघडावी आणि वाफ सोडावी. ‘फुस्स’ आवाज येईनासा होईपर्यंत हे करत राहावे. मग कडीत ठेवून थर वेगळे होऊ द्यावेत. खालचा थर काढताना बूच आधी काढावे, नाहीतर धार अडखळते. जोरात हलवल्याने मधे दुधाळ पट्टा (इमल्शन) तयार झाला, तर मिठाचे संपृक्त द्रावण घालून नरसाळे हळुवार गोल फिरवावे. पाण्याचा थर कोणता याची शंका आली, तर वरून पाण्याचे काही थेंब सोडून ते कुठे मिसळतात ते पाहावे. एथिल ॲसिटेट वर तरंगते, क्लोरोफॉर्म तळाशी बसतो. काम संपेपर्यंत कोणताही थर बेसिनमध्ये ओतू नये.