फेस स्वॅपनंतरचे वारंवारता विभाजन

संगणकीय मॉडेलने छायाचित्रातला चेहरा बदलला की त्वचेवरची रंध्रे, लव आणि बारीक सुरकुत्या पुसल्या जातात. मूळ छायाचित्रातून हा बारीक पोत वेगळा काढून नव्या चेहऱ्यावर परत बसवण्याच्या पद्धतीला वारंवारता विभाजन म्हणतात. रिटचिंग करणाऱ्यांच्या तोंडी मात्र ‘फ्रिक्वेन्सी सेपरेशन’ हेच नाव असते. वारंवारता म्हणजे इथे एका पिक्सेलकडून दुसऱ्याकडे जाताना उजेड किती भराभर बदलतो ते. गालावर प्रकाश हळूहळू उतरत जातो, ती खालची वारंवारता. रंध्राचा खळगा दोन-तीन पिक्सेलांत गडद होऊन पुन्हा उजळतो, ती वरची. प्रतिमेचे असे थर पाडून दोन चित्रे बेमालूम जोडण्याची रीत पीटर बर्ट आणि एडवर्ड एडल्सन यांनी १९८३ मध्ये मांडली. फेस स्वॅपमधला उपयोग त्याच कल्पनेचा आहे.

पोत का हरवतो, हे `inswapper_128` या बहुवापरातल्या मॉडेलवरून नीट कळते. छायाचित्र कितीही मोठे असो, हे मॉडेल चेहऱ्याचा १२८ × १२८ पिक्सेलांचाच चौकोन तयार करते. समजा, छायाचित्रात त्या चौकोनाची जागा ९०० पिक्सेल रुंद आहे. मग मॉडेलचा एक पिक्सेल ताणून सातांवर पसरतो. उजेड-अंधाराची एक जोडी दाखवायला किमान दोन पिक्सेल लागतात, म्हणून साधारण १४ पिक्सेलांहून बारीक काहीही या चेहऱ्यात असूच शकत नाही. एवढ्या मोठ्या चेहऱ्यावर एका मिलिमीटरला पाचेक पिक्सेल येतात आणि रंध्रे मिलिमीटरहून लहान असतात. म्हणजे ती धूसर झालेली नसतात, मुळात काढलेलीच नसतात. शार्पन करून ती येत नाहीत. GFPGAN किंवा CodeFormer सारख्या चेहरा-सुधारकातून फिरवले तर पापण्या आणि दात कोरीव होतात, पण त्वचेवर अंदाजाने भरलेला पोत येतो आणि चेहरा मेणाच्या पुतळ्याकडे झुकतो. शेजारी खरी मान दिसत असली की फरक लगेच डोळ्यात भरतो.

म्हणून पोत घ्यायचा तो ज्याच्या अंगावर चेहरा चढवला त्याच्याच मूळ छायाचित्रातून. चेहरा ज्याचा आहे त्याच्या फोटोतून पोत आणायचा मोह होतो, पण तो बहुधा फसतो. रंध्र हा खड्डा आहे आणि त्याची सावली दिव्याच्या दिशेवर ठरते. मूळ चौकटीतल्या रंध्रांवर त्याच दिव्याचा उजेड पडलेला असतो, कॅमेऱ्याचा ग्रेनही तोच असतो आणि गाल कॅमेऱ्याकडे ज्या कोनात वळला आहे तोही जुळतो. एखादे रंध्र नेमके कुठे होते, हे कुणी लक्षात ठेवत नाही. नवा गाल दोन-तीन पिक्सेल सरकला तरी बिघडत नाही.

विभाजन गाउसियन ब्लरने होते: ब्लर झालेले चित्र हा खालचा थर, आणि मूळ चित्रातून तो वजा केला की उरतो तो वरचा. सगळे काही ब्लरच्या त्रिज्येवर, म्हणजे σ वर ठरते. σ पिक्सेलांचा ब्लर साधारण ५.३ × σ लांबीच्या लहरी निम्म्यावर आणतो. आपल्या उदाहरणात मॉडेलची मर्यादा १४ पिक्सेलांची आहे, तेव्हा हिशेबाने σ २.६ च्या आसपास येते. प्रत्यक्षात मॉडेलचे चित्र त्या मर्यादेपर्यंतही पुरते कोरीव नसते, म्हणून ४ पासून सुरुवात करावी. त्रिज्या कमी पडली तर गालावर नुसता ग्रेन येतो, रंध्रे येत नाहीत. जास्त झाली तर मूळ माणसाच्या नाकाच्या कडा नव्या चेहऱ्यातून डोकावू लागतात. ठरावीक आकडा पाठ करून उपयोग नाही. चेहरा ४५० पिक्सेलांचा असेल तर सगळे निम्म्यावर येते.

पायथनमध्ये हे काही ओळींचे काम आहे:

```python
import cv2, numpy as np
a = cv2.imread("mool.png").astype(np.float32)
b = cv2.imread("swap.png").astype(np.float32)
m = cv2.imread("mask.png", 0).astype(np.float32)[..., None] / 255
s = 4
high = a - cv2.GaussianBlur(a, (0, 0), s)
low = cv2.GaussianBlur(b, (0, 0), s)
out = b * (1 - m) + (low + high) * m
cv2.imwrite("out.png", np.clip(out, 0, 255).astype(np.uint8))
```

वजाबाकीत ऋण संख्या येतात, म्हणून `float32` हवे. स्वॅपचे चित्रही त्याच त्रिज्येने ब्लर केले आहे, कारण सुधारकाने भरलेला खोटा पोत आधी काढला नाही तर एकावर एक दोन कातड्या चढतात. फोटोशॉपमध्ये मूळ चित्राच्या दोन प्रती करून एक ब्लर करतात. दुसरीवर `Apply Image` मध्ये ब्लर केलेला थर निवडून `Subtract`, `Scale` २ आणि `Offset` १२८ ठेवतात. ही आकडेमोड ८ बिट चित्रासाठी आहे. करडा झालेला तो थर ब्लर केलेल्या स्वॅपवर `Linear Light` मध्ये ठेवला की झाले.

खरी मेहनत मास्कची, म्हणजे पोत कुठे बसवायचा हे ठरवणाऱ्या काळ्या-पांढऱ्या चित्राची. वरच्या थरात रंध्रांबरोबर प्रत्येक तीव्र कडा येते: पापण्या, भुवया, नाकपुड्या, ओठांची रेघ, केसांची कड. त्या तशाच आल्या तर नव्या डोळ्यांभोवती जुन्या पापण्यांची फिकट दुसरी ओळ दिसते. शिवाय गाउसियन ब्लरमुळे भुवईसारख्या गडद कडेशेजारी एक उजळ पट्टी तयार होते आणि ती दोन-तीन σ पर्यंत पसरते. त्यामुळे मास्क कडेपासून १२ पिक्सेल तरी आत ठेवावा लागतो. कपाळ, गाल, हनुवटी आणि नाकाचा शेंडा एवढ्या जागी पोत टिकला तरी चेहरा जिवंत वाटतो.

तीळ हा खास फसवा. वीस पिक्सेलांचा तीळ दोन्ही थरांत विभागला जातो. त्याचा गडदपणा बहुतांशी खालच्या थरात असतो आणि स्वॅपमध्ये तो पुसला गेलेला असू शकतो, पण त्याची कड वरच्या थरात शिल्लक राहते. मग गालावर तिळाऐवजी पुसट कडे उमटते. तीळ ठेवायचा असेल तर दोन्ही थर मूळ चित्रातून घ्यावेत, नको असेल तर दोन्हीकडून काढावा. हीच गत मुरमांच्या डागांची.

नवा चेहरा मूळ चेहऱ्यापेक्षा बराच गडद किंवा उजळ आला तर बेरजेची रीत चुकते. रंध्राची सावली त्या जागच्या उजेडाच्या प्रमाणात असते, तेव्हा उजळ गालावरचा पोत गडद गालावर जसाच्या तसा टाकला की त्वचा खरबरीत दिसते. अशा वेळी वजाबाकीऐवजी भागाकार करावा: मूळ चित्र भागिले त्याचा ब्लर, आणि त्या गुणोत्तराने स्वॅपचा ब्लर गुणावा. ताडून पाहायला मान उपयोगी पडते. चित्र १०० टक्क्यांवर उघडून जबड्याच्या रेषेच्या वर-खाली पाहावे. पोताचा जोर तिथे एकदम बदलत असेल तर प्रमाण चुकले आहे.

या पद्धतीला एक भेग बुजवता येत नाही. डोळ्यांखालच्या पिशव्या आणि नाकापासून ओठाकडे येणाऱ्या घड्या मधल्या वारंवारतेत मोडतात, आणि वय तिथेच दिसते. पंचविशीतला चेहरा साठीच्या माणसावर चढवला तर तुकतुकीत गालांवर साठीची रंध्रे बसतात. जवळून पाहताना काहीतरी जुळत नाही असे वाटते, दुरून वाटत नाही. ओड ऑलिव्हा, अँटोनिओ टोराल्बा आणि फिलिप शिन्स यांनी २००६ मध्ये मांडलेल्या ‘हायब्रिड’ प्रतिमा याच गुणावर उभ्या आहेत: एकाची खालची वारंवारता आणि दुसऱ्याची वरची घेतली, तर जवळून एक चेहरा दिसतो आणि दुरून दुसरा. त्रिज्या वाढवत गेल्यास फेस स्वॅपही त्याच वाटेने जातो.

व्हिडिओत मात्र ही पद्धत सुधारकापेक्षा सरस ठरते. सुधारक प्रत्येक चौकटीत पोत नव्याने कल्पितो, त्यामुळे गाल लुकलुकतो. इथे पोत त्याच चौकटीतून उचललेला असतो आणि माणूस हसला की रंध्रे त्याच्याबरोबर सरकतात. अट एवढीच की मूळ फाइलीत ती असावीत. मोबाइलवरून पुढे पुढे पाठवलेल्या क्लिपमध्ये कॉम्प्रेशनने पोत आधीच खाल्लेला असतो आणि वरच्या थरात नुसते चौकोनी ठोकळे हाती लागतात.