फ्लॅट भाड्याने घेण्याआधी इंटरनेटची वायर कुठून येते ते विचारा

फ्लॅट पसंत पडला की आपण इंटरनेट कंपनीला फोन करतो आणि पलीकडून उत्तर येतं, "हो सर, तुमच्या भागात सेवा आहे." बहुतेक वेळा हे उत्तर पिनकोडवरून दिलेलं असतं. भागात सेवा असणं, इमारतीपर्यंत फायबर आलेलं असणं आणि तुमच्या दारापर्यंत फायबर येऊ शकणं या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. डिपॉझिट भरण्याआधी तिसरी गोष्ट पक्की करून घ्यायला हवी, कारण इंटरनेटचा खरा दर्जा बऱ्याचदा शेवटच्या शंभर मीटरमध्ये आणि रात्रीच्या दोन-तीन तासांत ठरतो. प्लॅनवर छापलेल्या आकड्यावरून तो कळत नाही.

म्हणून कंपनीला पहिला प्रश्न असा विचारा: "फायबर माझ्या घरात येणार, की इमारतीत संपणार आणि पुढे लॅन केबल येणार?" पुणे, ठाणे, नाशिक अशा शहरांतल्या अनेक जुन्या इमारतींत लोकल ऑपरेटर गच्चीवर किंवा जिन्याखालच्या पेटीत एक स्विच, म्हणजे एकाच जोडणीतून अनेक घरांना तारा काढून देणारं यंत्र, बसवतो. फायबर त्या स्विचपर्यंतच येतं आणि पुढे घराघरांत निळी किंवा करडी लॅन केबल जाते. जाहिरातीत मात्र दोन्ही प्रकारांना फायबरच म्हणतात.

फरक कुठे पडतो, ते एका उदाहरणाने पाहू. समजा, कोथरूडमध्ये चोवीस फ्लॅटची एक सात मजली इमारत आहे. गच्चीवरच्या स्विचला बाहेरून येणारी जोडणी 100 एमबीपीएसची आहे आणि ऑपरेटरने बहुतेक घरांना प्लॅनही 100 चाच विकला आहे. दुपारी इमारत रिकामी असते, तेव्हा तुम्ही जाऊन तपासलंत तर वेग जवळजवळ पूर्ण दिसेल. रात्री साडेनऊला पंधरा घरांत एचडी व्हिडिओ सुरू असतो. एका व्हिडिओला साधारण 5 एमबीपीएस धरले, तर 75 तिथेच गेले. मग एखाद्या घरात मुलाने मोठा गेम डाउनलोडला लावला की उरलेले 25 तो घेतो, आणि तुमचा व्हिडिओ कॉल तुटायला लागतो.

फायबर थेट घरात येत असेल तर गणित बदलतं. आपल्याकडे घरगुती फायबरसाठी जीपॉन नावाची पद्धत सर्रास वापरतात. तिच्यात एका फायबरमधून खाली येणारा वेग सुमारे 2.5 जीबीपीएस असतो आणि तो स्प्लिटर नावाच्या छोट्या काचेच्या भागातून साधारण 32 किंवा 64 घरांत वाटला जातो. बत्तीसही घरांत एकाच वेळी एचडी व्हिडिओ चालू असला, तरी 160 एमबीपीएस लागतात. म्हणजे इमारतीतला फायबर सहसा तुंबत नाही. तरीही रात्री वेग पडत असेल, तर अडचण बहुधा पुढे असते: ऑपरेटरने वरच्या कंपनीकडून जितकी बँडविड्थ विकत घेतली आहे, तिच्यापेक्षा मागणी जास्त झालेली असते. घरातला राउटर कितीही महागडा आणला, तरी ही अडचण सुटत नाही.

विजेच्या बाबतीतही हा फरक जाणवतो. स्प्लिटरला वीज लागत नाही. त्यामुळे इमारतीची वीज गेली तरी तुमचा राउटर आणि फायबरचं यंत्र छोट्या यूपीएसवर असेल तर काम चालू राहतं. गच्चीवरच्या स्विचला मात्र सोसायटीच्या कॉमन मीटरची वीज लागते. ती गेली की तुमच्या घरी इन्व्हर्टर असूनही इंटरनेट बंद. घरून काम करणाऱ्यांनी हा प्रश्न नक्की विचारावा.

कंपनीकडून आणखी दोन गोष्टी विचारून घ्या. त्या विंगच्या पेटीत मोकळा पोर्ट, म्हणजे नवी तार लावायला जागा, आहे का? नसेल तर जोडणी आठवडेच्या आठवडे लांबते. आधीच्या भाडेकरूची जोडणी बंद न झाल्याने पोर्ट अडकलेला असतो, असंही होतं. आणि अपलोडचा वेग किती? काही प्लॅनमध्ये तो डाउनलोडइतकाच असतो, काहींमध्ये बराच कमी. व्हिडिओ कॉलमध्ये तुमचा चेहरा आणि आवाज पलीकडे पोचवतो तो अपलोडच.

आता शेजाऱ्यांकडे वळू. खरी माहिती तिथेच मिळते, पण "नेट कसं आहे?" असं विचारलं तर "ठीक आहे" एवढंच उत्तर येतं. त्याच विंगमधल्या, शक्यतो त्याच बाजूच्या घरी नेमके प्रश्न विचारा. मागच्या वेळी नेट कधी गेलं आणि किती वेळात परत आलं? पहिल्या पावसात जातं का? दुरुस्तीला माणूस कोण येतो, त्याच दिवशी येतो का? यंत्रावरचा एलओएस असा छापलेला लाल दिवा अधूनमधून लागतो का? तो लागणं म्हणजे प्रकाशच पोचत नाही. असं वारंवार होत असेल तर बहुधा फायबर कुठेतरी खिडकीत दाबला गेला आहे किंवा त्याचा जोड खराब झाला आहे.

शेजारी तयार असतील तर रात्री साडेनऊच्या सुमारास त्यांच्या फोनवर fast.com उघडायला सांगा. वेग दिसल्यावर जास्त माहितीचं बटण दाबलं की लेटन्सीचे, म्हणजे माहिती जाऊन परत यायला लागणाऱ्या वेळेचे, दोन आकडे येतात, एक रिकाम्या लाइनवरचा आणि एक भरलेल्या लाइनवरचा. पहिला 10 मिलिसेकंद आणि दुसरा 300 असेल, तर वेग उत्तम दिसूनही घरात कुणी काही डाउनलोड करताच कॉल अडखळेल. स्पीड टेस्टचं दुसरं अ‍ॅप वापरलंत तर सर्व्हर स्वतः निवडा, कारण ते अनेकदा ऑपरेटरचाच जवळचा सर्व्हर घेतं. पुण्यात असाल तर मुंबईतला, दुसऱ्या कंपनीचा सर्व्हर निवडून पाहा.

त्यांच्याकडे लॅपटॉप असेल तर ही दोन मोजमापं सर्वांत जास्त सांगून जातात (राउटरचा पत्ता काही घरांत वेगळा असतो):

```
ping 192.168.1.1
ping 8.8.8.8
```

पहिली आज्ञा राउटरपर्यंतचा वेळ सांगते, दुसरी बाहेरच्या जगापर्यंतचा. पहिला वेळच वरखाली होत असेल तर दोष वायफायचा आहे. काँक्रीटच्या दोन भिंतींपलीकडे 5 गिगाहर्ट्झचं वायफाय बरंच कमजोर होतं. पहिला वेळ स्थिर आणि दुसरा मात्र रात्री दुपारच्या अनेक पट होत असेल, तर गर्दी घराबाहेर आहे, आणि हा फ्लॅट घेतलात तर त्याच ऑपरेटरवर ती तुमच्याही वाट्याला येईल.

आणखी एक खूण मला फार उपयोगी वाटते. शेजाऱ्यांचा प्लॅन 200 किंवा 300 चा असून तारेने जोडलेल्या लॅपटॉपवर वेग नेहमी 94-95 वरच थांबत असेल, तर वाटेत कुठेतरी 100 एमबीपीएसचा पोर्ट आहे. नाहीतर लॅन केबलच्या चार जोड्यांपैकी एखादी तुटलेली असते. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, 100 ला दोन पुरतात, आणि यंत्र गुपचूप खालच्या वेगावर उतरतं.

शेवटी सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारा की इमारतीत किती कंपन्यांना परवानगी आहे. एकच असेल तर शेजाऱ्यांची तक्रार हीच उद्या तुमची तक्रार असेल. दोन असतील तर दोन्हींच्या ग्राहकांशी बोला. घरमालकांकडून भिंतीला भोक पाडून फायबर आत आणायची परवानगी करारातच लिहून घ्या आणि तो कोणत्या खोलीत येईल तेही ठरवा. वार्षिक प्लॅनवरची सवलत कितीही मोठी असली, तरी पहिला महिना मासिक प्लॅनच घ्या.