कमी पडणाऱ्या तासाची किंमत : 'की फॅक्टर'च्या हिशेबामागचा इतिहास

कॉस्ट अकाउंटिंग शिकलेल्या प्रत्येकाने हे गणित सोडवलेलं असतं. कारखान्यात तीन-चार प्रकारचा माल बनतो, सगळ्याला गिऱ्हाईक आहे, पण एखादं यंत्र, एखादा कच्चा माल किंवा कसबी कारागिरांचे तास पुरत नाहीत. अशा कमी पडणाऱ्या साधनालाच 'की फॅक्टर' म्हणतात. मग आधी काय बनवायचं आणि काय सोडायचं? नियम एका ओळीचा आहे. प्रत्येक नगाचं योगदान काढा, म्हणजे विक्रीच्या किमतीतून त्या नगापायी वाढणारा खर्च वजा करा. त्याला कमी पडणाऱ्या साधनाच्या वापराने भागा आणि ज्याचा भागाकार मोठा तो माल आधी घ्या. नियम इतका सरळ आहे की तो पूर्वापार वापरात असेल असं वाटतं. पण तो उभा राहण्याआधी दोन गोष्टी व्हाव्या लागल्या. स्थिर खर्च नगाच्या डोक्यावरून उतरवावा लागला आणि टंचाईला स्वतःची किंमत असते हे कुणीतरी दाखवून द्यावं लागलं.

आधी एक उदाहरण मांडतो, पुढे तेच वापरू. भोसरीतला एक छोटा मशीन शॉप धरा. तिथे बुश, शाफ्ट आणि गिअर बनतात आणि तिन्हींना शेवटी ग्राइंडिंग लागतं. ग्राइंडर एकच आहे, महिन्याला ३०० तास म्हणजे १८,००० मिनिटं चालतो. बुशमागे १२० रुपये योगदान आहे आणि ग्राइंडिंग ८ मिनिटं. शाफ्टमागे ४०० रुपये आणि ४० मिनिटं. गिअरमागे ५२० रुपये आणि ८० मिनिटं. महिन्याची मागणी ५०० बुश, २०० शाफ्ट आणि १२० गिअर. एवढं सगळं करायचं तर २१,६०० मिनिटं हवीत, म्हणजे ६० तास कमी पडतात.

नगामागचं योगदान पाहिलं तर गिअर सगळ्यांत पुढे. तो आधी घेतला, मग शाफ्ट, तर उरलेल्या ४०० मिनिटांत जेमतेम ५० बुश होतात आणि महिन्याचं योगदान १,४८,४०० रुपये. आता मिनिटाने भागा. बुश मिनिटाला १५ रुपये देतो, शाफ्ट १० आणि गिअर साडेसहा. क्रम नेमका उलटा. आधी ५०० बुश, मग २०० शाफ्ट आणि उरलेल्या ६,००० मिनिटांत ७५ गिअर केले, तर योगदान १,७९,००० रुपये होतं. यंत्र तेच, माणसं तीच, भाडं तेच, आणि फरक ३०,६०० रुपयांचा.

हा भागाकार करण्याआधी 'योगदान' हा आकडा हाताशी लागतो, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या हिशेबपद्धतीत तो सहजी मिळत नव्हता. तेव्हाची रूढ पद्धत पूर्ण खर्चाची होती. भाडं, घसारा, पर्यवेक्षकांचे पगार असा सगळा स्थिर खर्च कुठल्या तरी प्रमाणात नगांवर वाटायचा आणि उरेल तो नगाचा नफा मानायचा. आपल्या शॉपचा स्थिर खर्च महिन्याला १,१०,००० रुपये धरा. पूर्ण मागणीच्या ८२० नगांवर तो सारखा वाटला तर नगामागे १३४ रुपये येतात आणि बुश १४ रुपये तोट्यात दिसतो. तोच खर्च थेट मजुरीच्या प्रमाणात वाटला (बुशमागे ६० रुपये मजुरी, शाफ्टमागे ४०, गिअरमागे ४००), तर बुशला ४३ रुपये नफा दिसतो आणि गिअर ८ रुपयांवर येतो. कारखान्यात काहीच बदललेलं नाही, बदलली ती फक्त वाटणी. पहिल्या वाटणीवर विसंबणारा मालक सगळ्यांत फायद्याचा बुशच बंद करून बसेल.

या पद्धतीवर उघडपणे बोट ठेवलं ते अमेरिकेत, १९३६ च्या जानेवारीत. जोनाथन हॅरिस हे मॅसॅच्युसेट्समधल्या ड्यूई अँड अल्मी या रसायन कंपनीत काम करत. कॉस्ट अकाउंटंटांच्या राष्ट्रीय संघटनेच्या पत्रिकेत त्यांनी एक लेख लिहिला. त्यातलं कोडं साधं होतं : विक्री वाढली तरी नफा घटलेला कसा दिसतो? कारण स्थिर खर्च मालाच्या साठ्यात शिरतो आणि साठ्याबरोबर बाहेर पडतो, त्यामुळे नफा विक्रीइतकाच उत्पादनाच्या मागेपुढे हलतो. हॅरिस यांचा तोडगा असा की नगावर फक्त बदलता खर्च धरा आणि स्थिर खर्च त्या-त्या महिन्याच्या खात्यात सरळ टाका. त्याला डायरेक्ट कॉस्टिंग म्हणू लागले, ब्रिटनमध्ये आणि नंतर आपल्याकडे मार्जिनल कॉस्टिंग. जर्मनीत ऑयगेन श्मालेनबाख याच्या बऱ्याच आधीपासून सीमांत खर्चाचा आग्रह धरत होते. या विषयाच्या इतिहासात त्यांचं नाव आजच्यापेक्षा ठळक असायला हवं होतं, असं मला वाटतं.

दुसरा धागा हिशेबनिसांच्या जगाबाहेरचा आहे. १९३८ मध्ये लेनिनग्राडच्या प्लायवुड ट्रस्टच्या प्रयोगशाळेतली मंडळी एक अडचण घेऊन गणितज्ञ लिओनिद कांतोरोविच यांच्याकडे आली. लाकडाचे ओंडके सोलून पातळ पापुद्रे काढणारी आठ यंत्रं होती आणि लाकूड पाच प्रकारचं. कुठल्या लाकडावर कुठलं यंत्र किती चालतं ते वेगवेगळं. लाकडांचं ठरलेलं प्रमाण सांभाळून एकूण उत्पादन जास्तीत जास्त करायचं, तर कुठलं यंत्र किती वेळ कशावर लावायचं? कांतोरोविच तेव्हा पंचविशीत होते. अशा प्रश्नांचं एक मोठं कुटुंबच आहे हे त्यांनी ओळखलं आणि १९३९ मध्ये त्यावर पुस्तिका काढली.

त्यांच्या रीतीचा गाभा असा : प्रत्येक बंधनाला एक गुणक द्यायचा. ते बंधन एका एककाने सैल झालं तर उद्दिष्ट कितीने वाढेल, तो आकडा म्हणजे हा गुणक. आपल्या शॉपमध्ये तो तोंडीसुद्धा काढता येतो. ग्राइंडिंगचा एक तास जास्त मिळाला तर त्यात गिअरच होणार, कारण बुश आणि शाफ्टची मागणी आधीच भागली आहे. ६० मिनिटं गुणिले साडेसहा, म्हणजे ३९० रुपये. ओव्हरटाइमला किंवा बाहेरून जॉबवर्क करून घ्यायला नेहमीच्या खर्चावर तासाला किती जास्त मोजायचं, याची ही कमाल मर्यादा. आणि ती पहिल्या ६० तासांपुरतीच. १२० गिअर पूर्ण झाले की पुढच्या तासाची किंमत शून्य.

सोव्हिएत नियोजनकारांना साधनांना अशी किंमत लावणं रुचलं नाही. कांतोरोविच यांनी हा विचार सबंध अर्थव्यवस्थेला लावणारा ग्रंथ १९४२ मध्ये लिहून ठेवला होता. तो छापून आला १९५९ मध्ये.

महायुद्धाने हाच प्रश्न अमेरिकेच्या गळ्यात घातला. सुरुवातीला तिथे मागण्यांना अग्रक्रमाचे शिक्के दिले जात. थोड्याच दिवसांत जो तो वरच्या दर्जाचा शिक्का मिळवू लागला आणि हातात शिक्का असूनही पोलाद मिळेना. १९४२ च्या नोव्हेंबरमध्ये वॉर प्रॉडक्शन बोर्डाने धोरण बदललं. सगळ्या वस्तूंचा अग्रक्रम लावत बसण्याऐवजी पोलाद, तांबं आणि ॲल्युमिनियम हे तीनच धातू मोजून वाटायचे ठरलं. हे तीन ताब्यात ठेवले की बाकीचं उत्पादन त्यांच्या मागोमाग येतं, हा त्यामागचा हिशेब.

युद्धानंतर अमेरिकी हवाई दलासाठी नियोजनाचं काम करताना जॉर्ज डँट्झिग यांनी १९४७ मध्ये अनेक बंधनं एकाच वेळी सांभाळून सगळ्यांत चांगलं उत्तर शोधणारी सिम्प्लेक्स पद्धत तयार केली. तिची पहिली मोठी चाचणी स्वस्तात पोषक आहार बसवण्याच्या गणितावर झाली. ७७ खाद्यपदार्थ आणि ९ अटी होत्या. हाताने चालणाऱ्या गणनयंत्रांवर ते सोडवायला एका माणसाचे १२० दिवस भरतील एवढं काम पडलं. १९५२ मध्ये चार्न्स, कूपर आणि मेलन यांनी विमानाच्या पेट्रोलच्या मिश्रणाला ही रीत लावून दाखवली आणि ती कारखानदारीत शिरली. या साऱ्या विचारासाठी १९७५ चं अर्थशास्त्राचं नोबेल कांतोरोविच यांना त्यालिंग कूपमन्स यांच्यासोबत मिळालं.

हिशेबनिसांना याची गरज कुठे लागते? साधन एकच कमी असेल तर भागाकार पुरेसा. दोन कमी पडली की तो अडतो. समजा, आपल्या शॉपला पोलादही मोजूनच मिळतं. गिअरला ५ किलो लागतं, बुशला दीड आणि शाफ्टला ८. किलोमागे गिअर १०४ रुपये देतो, बुश ८० आणि शाफ्ट ५०. पोलादाच्या यादीत गिअर पहिला, ग्राइंडिंगच्या यादीत शेवटचा. दोन्ही याद्या बरोबर आहेत आणि कुठलीच एकटीने उत्तर देत नाही. इथे सिम्प्लेक्सच लागते.

आपल्याकडे कॉस्ट अकाउंटंटांची संस्था १९४४ मध्ये निघाली आणि १९५९ च्या कायद्याने तिला मान्यता मिळाली. पुढे १९९१ पर्यंत आयात परवान्यांचा काळ होता. परकीय चलन तुटपुंजं, आयात कच्चा माल परवान्यावर. अशा कारखान्यांची मर्यादा बऱ्याचदा बाजारपेठ नसून माल हीच असे. त्यामुळे 'कच्चा माल इतकेच किलो उपलब्ध आहे' हे परीक्षेतलं वाक्य इथल्या विद्यार्थ्याला पुस्तकी वाटायचं कारण नव्हतं.

१९८० च्या दशकात वाद पुन्हा पेटला तो मजुरीवरून. इस्रायली भौतिकशास्त्रज्ञ एलियाहू गोल्डरॅट यांनी १९८४ मध्ये अडथळ्याच्या यंत्राचा विचार कादंबरीच्या रूपाने मांडला. १९८८ मध्ये ब्रिटनमध्ये गॅलोवे आणि वॉल्ड्रन यांनी त्याला थ्रूपुट अकाउंटिंगचं रूप दिलं. त्यांचं म्हणणं असं की कामगाराला महिन्याचा पगार मिळतो, एक नग कमी केला म्हणून तो घटत नाही, तेव्हा किमतीतून फक्त माल वजा करा. आपल्या उदाहरणात मजुरी योगदानात परत जोडली की बुश मिनिटाला २२.५० रुपये देतो, गिअर ११.५० आणि शाफ्ट ११. गिअर शाफ्टच्या पुढे जातो. कारागीर खरोखर पगारी असतील आणि त्यांच्याकडे वेळ असेल, तर नव्या क्रमाने महिन्याला १,८०० रुपये जास्त मिळतात. मजुरी नगावर दिली जात असेल तर जुनाच क्रम बरोबर. हा प्रश्न तत्त्वाचा नाही, त्या शॉपची मजुरी कशी दिली जाते याचा आहे, आणि माझ्या मते हा सगळा वाद तिथेच मिटतो.

प्रत्यक्षात हिशेब चुकतो तो बहुतेक वेळा भाजकात. ८ मिनिटं ही बुशची निव्वळ ग्राइंडिंगची वेळ आहे. सेटिंग बदलायला तीन तास लागत असतील आणि बॅच ५० ची असेल, तर प्रत्येक बुशवर आणखी ३.६ मिनिटं चढतात आणि मिनिटाचं योगदान १५ वरून १०.३४ वर येतं, शाफ्टच्या किंचित पुढे. त्यात शाफ्टचा स्वतःचा सेटिंगचा वेळ अजून धरलेलाच नाही. बॅच २५ ची झाली की बुश ७.८९ वर घसरतो आणि शाफ्टच्या मागे पडतो. म्हणून क्रम लावण्याआधी ग्राइंडरच्या लॉगबुकातून महिन्याची सेटिंगं मोजावीत आणि ती वेळ ज्या-त्या मालाच्या नावावर टाकावी.