फोनला काय दिसतं आणि काय आपण सांगितलं म्हणून तो मानतो

मागच्या वर्षी मी नवा फोन घेतला आणि जुना आयफोन आईला दिला. तिच्या गोळ्या हल्ली वाढल्यात, त्यात सकाळी एक, रात्री एक आणि एक आठवड्यातून एकदाच असलं त्रांगडं, म्हणून म्हटलं वेगळं ॲप कशाला, फोनमध्ये Health म्हणून पांढऱ्या चौकोनात गुलाबी बदाम असलेलं ॲप आधीपासूनच असतं त्यातच सगळं लावून देऊ. गोळ्या, पावलं, पाणी, झोप, चारही. तीन-चार महिने ते वापरल्यावर एक गोष्ट माझ्या लक्षात आली, ती आधी कळली असती तर बरं झालं असतं. ॲपमध्ये हे चारही आकडे दिसायला सारखेच दिसतात, पण पावलं फोन स्वतः मोजतो, झोपेचा अंदाज बांधतो, आणि पाणी नि गोळ्या यांच्याबाबतीत आपण जे सांगू ते मुकाट्याने लिहून घेतो.

गोळ्यांपासून सुरू करते कारण चुकलं तर तिथेच महागात पडतं.

आईला थायरॉइडची गोळी आहे, लिव्होथायरॉक्सिन, ती सकाळी उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर आणि त्यानंतर निदान अर्धा-पाऊण तास चहा नाही. रात्री कॅल्शियम. ते मुद्दाम रात्री, कारण कॅल्शियम पोटात थायरॉइडच्या गोळीला चिकटतं आणि ती रक्तात नीट उतरू देत नाही, दोघींत चार तासांचं अंतर लागतं. आणि तिसरी, जी खरी काळजीची, ती मेथोट्रेक्झेट. संधिवातासाठी देतात ती आठवड्यातून एकदाच असते, ठरलेल्या वारी, आणि तिचे दुष्परिणाम कमी व्हावेत म्हणून फॉलिक ॲसिड दुसऱ्या वारी. ही गोळी चुकून रोज घेतली गेली तर अस्थिमज्जेत रक्तपेशी बनणंच मंदावतं, आधी तोंड येतं, मग ताप, जंतुसंसर्ग, आणि यात माणसं दगावलेली आहेत. म्हणजे रिमाइंडर लावताना एक पर्याय चुकला तर फोनच रोज विष घ्यायची आठवण करून देणार.

आणि मी नेमकं तेच करणार होते! आईच्या फोनवर Browse मध्ये Medications, मग Add a Medication, नाव टाका, गोळी की कॅप्सूल ते निवडा, किती मिलिग्रॅम ते निवडा, असं भराभर नेक्स्ट-नेक्स्ट करत गेलं की वेळापत्रकाचा पडदा येतो आणि तिथे Every Day आधीच निवडलेलं असतं. थायरॉइडला आणि कॅल्शियमला ते बरोबर होतं, त्याच तंद्रीत तिसरीलाही पुढे गेले. शेवटी सगळी यादी एकदा आईला वाचून दाखवली तेव्हा ती म्हणाली, "अगं, बुधवारची गोळी रोज कशी काय?" तिथे On Specific Days of the Week निवडून फक्त बुधवार ठेवायचा असतो. तेव्हा लावून झाल्यावर डॉक्टरांची चिठ्ठी हातात घेऊन एकेक ओळ जुळवा, आणि ज्याच्या गोळ्या आहेत त्यालाच वाचून दाखवा, त्याला सवयीने माहीत असतं. ॲपमध्ये गोळीचा आकार नि रंगही निवडता येतो, तो कंटाळा न करता निवडा, आईला नाव इंग्रजीत वाचायचा वैताग येतो पण "ती पिवळी" लगेच कळते. मात्र मेडिकलवाल्याने कंपनी बदलून दिली की रंगही बदलतो, तेव्हा ॲपमध्येही बदला.

आता रिमाइंडर वाजण्याचं. आई फोनच्या बाजूचं बटण सरकवून आवाज बंद ठेवते, देवळात जाताना करते आणि मग आठवडाभर तसाच. साधं नोटिफिकेशन मग फक्त थरथरतं, तेही हॉलमधल्या टीव्हीच्या स्टँडवर, ती स्वयंपाकघरात. यावर उपाय आहे, Medications च्या पानावर अगदी खाली Options मध्ये. Follow Up Reminders चालू केलं की अर्ध्या तासात नोंद झाली नाही तर पुन्हा आठवण येते, आणि Critical Alerts एकेका औषधासाठी वेगळं चालू करता येतं, ते फोन सायलेंटवर असला तरी मोठ्याने वाजतं. सगळ्यांना लावू नका, सगळंच ओरडायला लागलं की माणूस ओरडणं ऐकायचं सोडतो. मी ते फक्त बुधवारच्या गोळीला लावलंय. थायरॉइडची गोळी एखाद्या दिवशी चुकली तर आभाळ कोसळत नाही, ते औषध रक्तात निम्मं व्हायलाच साधारण सात दिवस लागतात म्हणून पातळी एका दिवसात खाली येत नाही. पण हे त्या गोळीपुरतंच हं, फिट्सच्या किंवा रक्त पातळ ठेवायच्या गोळ्यांना हा हिशोब लावू नका. आणि चुकलेली गोळी दुसऱ्या दिवशी दुप्पट घ्यायची नाही, काय करायचं ते आपल्या डॉक्टरांनाच विचारा.

पण वाजून काय, खरी गंमत नोंदीत आहे. आठवण आली की Taken किंवा Skipped दाबायचं. आणि एकाच वेळेला दोन-तीन औषधं असली की सगळी एकदम घेतली असं नोंदवायचं बटणही असतं. आई जेवायला बसलेली असताना फोन वाजायचा, ती त्याला गप्प करायला ते दाबून टाकायची, "घेते नंतर". ॲपमध्ये महिनाभर एकही दिवस चुकलेला नाही, आणि मी खूश. मग एकदा सहज कॅल्शियमची पट्टी हातात घेतली, पंधराची पट्टी, उघडून 12 दिवस झालेले, रोज एक म्हणजे तीन उरायला हव्यात, तिथे सात होत्या. चार दिवस नोंद आहे आणि गोळी पट्टीतच!

फोनला गोळी दिसत नाही, त्याला बोट दिसतं. त्यामुळे आता आमच्याकडे नियम असा की आधी गोळी तोंडात मग बोट फोनवर, आणि रिमाइंडर जेवणाच्या मध्ये नाही तर जेवण उरकून आई ओटा पुसते त्या वेळेला. शिवाय रविवारी मी पट्ट्या मोजते. उरलेल्या गोळ्या मोजणं ही अगदी जुनी पद्धत आहे, औषधांच्या चाचण्यांमध्येसुद्धा रुग्णाने औषध घेतलं का हे बघायला ती वापरतात, आणि ॲपची नोंद पट्टीशी जुळली तरच तिला अर्थ.

पावलांचं बरोबर उलटं, तिथे आपण काहीच सांगायचं नाही. फोनमध्ये ॲक्सेलरोमीटर नावाची चिप असते, तिच्यात सिलिकॉनचे केसाहून बारीक भाग स्प्रिंगसारखे लटकलेले असतात आणि धक्का बसला की हलतात. चालताना शरीर प्रत्येक पावलाला जरासं वर-खाली होतं, नेहमीच्या चालीत मिनिटाला साधारण शंभर वेळा, आणि हा ठेका एकसारखा असतो. फोन तो ठेकाच शोधतो. म्हणून खिशात फोन ठेवून सरळ रस्त्याने चालाल तर आकडा चांगला येतो, पण अगदी हळू, पाय घासत, थांबत थांबत चालणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचा ठेकाच नीट उमटत नाही आणि पावलं कमी धरली जातात.

आईचा तर वेगळाच प्रॉब्लेम. पहिल्या आठवड्यात तिची रोजची पावलं सहाशे-सातशे! दिवसभर घरात पायाला भिंगरी असलेली बाई. कारण साधं, साडीला खिसा नसतो आणि फोन टीव्हीच्या स्टँडवर. त्या आकड्याचा अर्थ "आई कमी चालते" असा नव्हताच, "फोन कमी चालतो" असा होता. आता सकाळी बागेत जाताना फोन कमरेच्या छोट्या पाऊचमध्ये जातो, घरातली पावलं आम्ही मोजतच नाही, फक्त बागेतली मागच्या आठवड्याशी ताडून बघतो. तुमचा फोन कितपत बरोबर मोजतो हे बघायचं तर मनात मोजत शंभर पावलं चाला आणि चालण्याआधीचा नि नंतरचा आकडा बघा, फक्त मिनिटभर थांबून, कारण तो लगेच बदलत नाही.

आणि ते दहा हजार पावलांचं डोक्यातून काढा. तो आकडा 1965 च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या एका पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आलाय, मानपो-केई, म्हणजे दहा हजार पावलं मोजणारं. 2019 मध्ये अमेरिकेत सरासरी 72 वर्षांच्या सोळा हजारांहून जास्त बायकांचा अभ्यास छापून आला, त्यात दिवसाला साधारण 2,700 पावलं चालणाऱ्यांपेक्षा 4,400 चालणाऱ्यांमध्ये त्या काळातलं मृत्यूचं प्रमाण बरंच कमी होतं, आणि 7,500 च्या आसपास हा फरक वाढायचा थांबला. आईला हे सांगितलं तर म्हणाली, "मग मी उगाच दोन फेऱ्या जास्त मारत होते होय."

पाण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. Nutrition मध्ये Water, तिथे Add Data, मिलिलिटर टाका, संपलं. हे ॲप पाण्याची आठवण स्वतः करून देत नाही, त्यासाठी Reminders मध्ये वेगळं लावावं लागतं. दर पेल्याला फोन उघडणं दोन दिवसांत बंद पडतं, त्यापेक्षा सकाळी लिटरची बाटली भरून ठेवा आणि रात्री किती संपलं ते एकदाच टाका. ताक, चहा, आमटी यातलंही पाणीच असतं. आणि एक महत्त्वाचं, हृदय किंवा किडनीच्या आजारात डॉक्टरांनी पाण्यावर मर्यादा घातली असेल तर तिथे तो आकडा गाठायचा नसतो, त्याच्या आत राहायचं असतं. तेव्हा अशा माणसाच्या फोनवर "पाणी प्या" चे रिमाइंडर हौसेने लावून देऊ नका.

राहिली झोप. घड्याळ न लावता नुसता आयफोन झोप मोजतो तेव्हा तो काय बघतो माहितीय? तुम्ही ठरवून दिलेल्या झोपेच्या वेळेत फोन हातात कधी घेतला, एवढंच. Track Time in Bed with iPhone असंच त्या सेटिंगचं नाव आहे, अंथरुणातला वेळ, झोप नव्हे. आईने सव्वादहाला फोन ठेवला, पावणेसहाला उचलला, ॲपमध्ये साडेसात तास. पण ती तर रोज तक्रार करते की तीनला जाग येते ती साडेचारपर्यंत छताकडे बघत पडते. तिने त्या वेळात फोनला हात लावला नाही म्हणून ते दीड तास फोनच्या लेखी गाढ शांतता.

मनगटावरचं घड्याळ याहून बरं, ते हालचाल आणि नाडी दोन्ही बघतं, तरी निपचित जागं पडून राहिलेल्या माणसाला तेही बऱ्याचदा झोपलेलं समजतं. झोप खरी मोजतात ती लॅबमध्ये, डोक्याला तारा लावून मेंदूतल्या लहरींवरून. त्यामुळे निद्रानाश असलेल्यांच्या बाबतीतच ही यंत्रं जास्त चुकतात, ज्यांना सर्वात गरज त्यांनाच.

म्हणून झोपेसाठी आईच्या उशाशी वही आहे, सकाळी उठल्यावर ती जाग कधी आली ते अंदाजे लिहिते, रात्री घड्याळ बघायचं नाही असं तिला सांगितलंय. गेल्या महिन्यात डॉक्टरांकडे जाताना ती वही नेली आणि Medications मधून औषधांच्या यादीची पीडीएफ काढून नेली. थायरॉइडची गोळी जास्त होत असेल तरी झोप उडते म्हणून त्यांनी टीएसएच करायला सांगितलं, ते नॉर्मल आलं. मग त्यांनी विचारलं, संध्याकाळचा चहा किती वाजता घेता? आई म्हणाली साडेपाचला. आणि मग हळूच, माझ्याकडे न बघता, "आणि एक आठला, मालिका बघताना."