जीडीए की होम हेल्थ एड? परदेशात कोणता कागद चालतो

लातूर, नांदेड, परभणी, कुठेही बसस्टँडच्या आसपास पाहा. ‘सहा महिन्यांत नर्सिंग, परदेशात नोकरी’ असा एखादा फलक दिसतोच. आत चौकशीला गेलं की दोन नावं कानावर पडतात. एक जनरल ड्युटी असिस्टंट, म्हणजे जीडीए. दुसरं होम हेल्थ एड. समोरचा म्हणतो, ‘दोन्ही एकच आहे ताई, कुठलंही करा.’ दोन्ही एक नाहीत. परदेशात जायचं असेल तर हा फरक फी भरण्याआधी कळलेला बरा.

आधी दोघींमध्ये सारखं काय ते पाहू. दोन्ही कामं रुग्णाची काळजी घेण्याची आहेत, पण दोन्हींतून नर्स होता येत नाही. नर्स व्हायचं तर दोन वर्षांचं एएनएम, तीन वर्षांचं जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग करावं लागतं. ते कॉलेज भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमांत बसलेलं असावं लागतं आणि नंतर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी होते. सहा महिन्यांच्या कुठल्याही कोर्सवर ही नोंदणी मिळत नाही. म्हणून फलकावर ‘नर्सिंग’ आणि ‘सहा महिने’ हे दोन शब्द एकत्र दिसले की पहिली शंका तिथेच घ्यावी.

आता फरक. जीडीए दवाखान्यासाठी तयार होते. वॉर्डात तिच्या डोक्यावर सिस्टर असतात, बाजूला डॉक्टर असतात, काही अडलं तर हाक मारायला माणूस असतो. पलंग आवरणं, रुग्णाला अंघोळ घालणं, बेडपॅन देणं, स्ट्रेचरवरून एक्स-रेला नेणं, दवाखान्यातला कचरा रंगानुसार वेगळ्या पिशव्यांत टाकणं हे तिचं काम. आपल्याकडे सरकारी दवाखान्यात मामा-मावशी जे करतात, त्याचाच शिकून केलेला प्रकार म्हणा. होम हेल्थ एड मात्र घरात एकटी असते. तिथे सिस्टर नाही, पलंगाला खालीवर करणारी कळ नाही, बाथरूमला धरायची दांडीही नसते. पक्षाघात झालेल्या आजोबांना पलंगावरून खुर्चीत बसवायचं, ते पडणार नाहीत अशा बेतानं घर आवरायचं, चमच्यानं भरवताना ठसका लागला तर काय करायचं, औषधांच्या वेळा सांभाळायच्या, आणि पाठीला जखम होऊ नये म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची, हे सगळं तिच्या एकटीवर असतं. रात्री दोन वाजता काही झालं तर डॉक्टरांना फोन करावा की सकाळची वाट पाहावी, हे ठरवणारीही तीच.

इंजेक्शन आणि सलाईन लावणं दोघींच्याही कामात बसत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण कोर्स विकणारे नेमकी हीच जाहिरात करतात: ‘आमच्याकडे इंजेक्शन, सलाईन सगळं शिकवतो.’ पालकांना ऐकायला बरं वाटतं. पण जो कोर्स अटेंडंटला सुई धरायला शिकवतो, तो मान्य अभ्यासक्रमाप्रमाणे चालत नाही, एवढं त्यावरून कळतं. तशी सवय घेऊन परदेशात गेलेल्या मुलीनं तिथल्या घरात सुई टोचली तर नोकरी तर जाईलच, कायद्याचं झंझटही मागे लागेल.

या दोन्ही अभ्यासक्रमांना सरकारी चौकटीत क्रमांक आहेत. हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलच्या यादीत जीडीएचा HSS/Q5101 आणि होम हेल्थ एडचा HSS/Q5102. प्रमाणपत्रावर हा क्रमांक छापलेला असतो. तो nqr.gov.in या राष्ट्रीय पात्रता नोंदवहीत शोधला की अभ्यासक्रम, त्याची पातळी आणि त्याचे तास समोर येतात. कौशल्य अभ्यासक्रमांना आणि प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांना मान्यता देणारी वरची संस्था म्हणजे एनसीव्हीईटी.

संस्थेचे लोक क्रमांक विचारला की बहुधा भिंतीवरची प्रमाणपत्रं दाखवतात. आयएसओ, उद्यम नोंदणी, ट्रस्टची नोंदणी, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलचा नंबर. हे सगळे कागद खरे असू शकतात. पण आयएसओ संस्थेच्या कारभाराच्या पद्धतीबद्दल असतं, उद्यम लहान उद्योगाची नोंद असते आणि दर्पणवर कुठलीही स्वयंसेवी संस्था नाव घालू शकते. यातला एकही कागद कोर्स मान्य असल्याचं सांगत नाही. मला विचाराल तर मी एकच प्रश्न विचारेन: ‘शेवटची परीक्षा कोण घेतं?’ मान्य कोर्समध्ये शिकवणारी संस्था एक, परीक्षा घ्यायला बाहेरून येणारा परीक्षक दुसरा आणि प्रमाणपत्र देणारी संस्था तिसरी असते. ‘परीक्षा आमचे सरच घेतात, सर्टिफिकेटवर सहीपण त्यांचीच’ असं उत्तर आलं की पुढं विचारायचं काही उरत नाही.

आता परदेशाकडे वळू. उदाहरणच घेऊ. समजा परभणी जिल्ह्यातल्या एका गावची मुलगी आहे, वय 26, बारावी झालेली, घरी आजीचं सगळं तिनंच केलेलं. तिच्यासमोर दोन वाटा आहेत, इस्रायल आणि जपान.

इस्रायलमध्ये केअरगिव्हर म्हणजे वृद्धाच्या घरी राहून काळजी घेणारी व्यक्ती. भारत आणि इस्रायल यांच्यात 2023 मध्ये करार झाला आणि सरकारी भरतीचं काम राष्ट्रीय कौशल्य विकास महामंडळाकडे, म्हणजे एनएसडीसीकडे आलं. 2024 च्या भरतीत केअरगिव्हरसाठी वय 25 ते 45, किमान दहावी पास, आणि मान्यताप्राप्त भारतीय संस्थेचा असा केअरगिव्हिंग कोर्स मागितला होता ज्यात किमान 990 तासांचं प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण आहे. आपली मुलगी वयात आणि शिक्षणात बसते. प्रश्न तासांचा आहे.

गावाकडचा नेहमीचा वर्ग रोज तीन तास, आठवड्यात सहा दिवस असतो. सहा महिन्यांचे 26 आठवडे धरले तर होतात 468 तास, आणि त्यातलेही बरेचसे फळ्यासमोरचे. 990 च्या निम्मेसुद्धा नाहीत. रोज आठ तास दवाखान्यात किंवा वृद्धाश्रमात काम केलं, तरी 990 तासांना 21 आठवड्यांच्या आसपास लागतात. म्हणजे पाच महिने नुसतं काम, वर्गातलं शिकणं वेगळं. म्हणून कोर्स निवडताना ‘किती महिने’ यापेक्षा ‘प्रत्यक्ष कामाचे किती तास, आणि ते कागदावर कुठे लिहून मिळतात’ हे विचारायचं. ज्या दवाखान्यात काम केलं तिथल्या सिस्टरची सही, तारीख आणि वेळ असलेली नोंदवही मागायची. ती नसेल तर तास झाले असले तरी दाखवता येत नाहीत. 2021 मध्ये कोविडच्या काळात सरकारनं कमी मुदतीचे हेल्थकेअर कोर्स चालवले. त्यात होम केअरचाही होता आणि आपल्याकडच्या बऱ्याच मुलींकडे ते प्रमाणपत्र आहे. ते खरं आहे, पण तासांच्या या अटीला एकटं पुरणारं नाही.

जपानची गोष्ट उलटी आहे. तिथे काळजी घेण्याच्या कामाला काइगो म्हणतात. विशिष्ट कौशल्य असलेल्या कामगारांसाठी जपानचा वेगळा व्हिसा आहे आणि भारताबरोबर त्याचा करार जानेवारी 2021 मध्ये झाला. या वाटेवर भारतीय प्रमाणपत्राची अटच नाही. जपान स्वतःच्या परीक्षा घेतो. काइगो कौशल्याचे 45 प्रश्न, एक तास. काइगोत लागणाऱ्या जपानी भाषेचे 15 प्रश्न, अर्धा तास. शिवाय सर्वसाधारण जपानी येतं हे दाखवायला जेएलपीटी एन-4, किंवा जेएफटी-बेसिकमध्ये 250 पैकी 200 गुण. या परीक्षा पास झाल्याशिवाय कितीही चकचकीत डिप्लोमा दाखवला तरी उपयोग नाही, आणि पास झाल्यावर डिप्लोमा नसला तरी अडत नाही. या व्हिसावर एकूण पाच वर्षं राहता येतं.

आणखी एक गंमत. जपानमध्ये या व्हिसावरचं काम मुख्यतः वृद्धांच्या निवासी केंद्रांमध्ये असतं. लोकांच्या घरी जाऊन सेवा द्यायला परवानगीच नव्हती. एप्रिल 2025 पासून ती मिळाली, पण आधीचं प्रशिक्षण आणि अनुभव यांच्या अटींसह. म्हणजे ‘जपानला होम केअरची मागणी आहे, होम हेल्थ एड करा’ असं कुणी सांगत असेल तर त्याला तिथलं काम माहीत नाही. तिथे सुरुवातीचं काम जीडीएच्या जवळचं आहे: शिफ्ट, वरिष्ठ, नोंदवही, एकाच वेळी अनेक वृद्ध.

मग आपल्या मुलीनं काय करावं? इस्रायलकडे जायचं असेल तर होम हेल्थ एड तिला जास्त शोभतं, कारण घरात एकटीनं काळजी घेणं हेच तिथलं काम. पण प्रत्यक्ष कामाचे 990 तास नोंदवहीसकट देणारी संस्था सापडली तरच. शिवाय प्रत्येक भरतीच्या जाहिरातीत अटी नव्यानं येतात, म्हणून फी भरण्याआधी ताजी जाहिरात वाचायची. जपानकडे जायचं असेल तर माझं मत स्पष्ट आहे: पैसे जपानी भाषेच्या वर्गावर घालावेत. जीडीए सरकारी योजनेत फुकट मिळत असेल तर जरूर करावा, त्यानं काइगोच्या परीक्षेतले प्रश्न ओळखीचे वाटतील. पण त्यासाठी पन्नास हजार मोजायचं कारण नाही. आणि अजून देशच ठरला नसेल तर जीडीए बरा, कारण संभाजीनगर किंवा लातूरच्या खाजगी दवाखान्यात त्यावर काम मिळण्याची आशा असते आणि तिथला अनुभव पुढे कुठेही सांगता येतो.

आखाताबद्दल थोडक्यात. तिथे दवाखान्यात नर्सिंगचं काम करायला त्या देशाचा परवाना लागतो आणि तो नोंदणीकृत शिक्षणावर मिळतो. घरातल्या काळजीसाठी नेतात तेव्हा व्हिसावर पुष्कळदा घरकामगार असंच लिहिलेलं असतं. तोंडी केअरगिव्हर आणि कागदावर घरकाम असेल, तर भांडीधुणीही अंगावर येतं आणि तक्रार करायला जागा राहत नाही. व्हिसावरचा हुद्दा जाण्याआधी कुणाकडून तरी वाचून घ्यावा.

अपोस्टिलचा शिक्का बसला म्हणजे प्रमाणपत्र परदेशात मान्य झालं, असंही सांगितलं जातं. अपोस्टिल कागदावरची सही आणि शिक्का खरा असल्याचं सांगतो. कोर्सच्या दर्जाबद्दल तो एक अक्षर बोलत नाही.

शेवटचं पैशाचं. शिकवणारी संस्था आणि परदेशी पाठवणारा एजंट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परदेशी पाठवण्यासाठी परराष्ट्र मंत्रालयाचा परवाना लागतो आणि परवानाधारकांची यादी emigrate.gov.in वर आहे. त्यांना उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि वर जीएसटी घेता येतो, तोही पावती देऊन. क्लासवाला ‘कोर्स आणि व्हिसा मिळून अडीच लाख’ म्हणाला, तर त्याला कोर्सची फी वेगळी लिहून मागा आणि परवान्याचा नंबर विचारा.