वेदनाशामकांसोबतची जठररक्षक गोळी

संधिवाताच्या रुग्णांनी डायक्लोफेनॅक, ॲसेक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन यांसारखी वेदनाशामके दीर्घकाळ घेताना जठराला व्रण होऊ नये म्हणून जोडीला घ्यायची गोळी. बोलीभाषेत तिला ‘पित्ताची गोळी’ म्हणतात. सर्वाधिक वापर ओमेप्राझोल, पँटोप्राझोल, रॅबेप्राझोल या आम्लनिर्मिती रोखणाऱ्या गटाचा होतो. ही गोळी प्रत्येकाला सारख्याच प्रमाणात लागत नाही. फायदा कोणाला किती होणार, हे व्रणाचा धोका मुळात किती आहे त्यावर ठरते.

जठराच्या आतल्या अस्तरावर बुळबुळीत श्लेष्म्याचा थर असतो आणि तो टिकवण्याचे काम प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये करतात. सांध्यातली सूज आणि वेदना वाढवण्यातही याच द्रव्यांचा हात असतो. ॲस्पिरिनसारखी औषधे त्यांची निर्मिती थांबवतात, हे जॉन व्हेन यांनी 1971 मध्ये दाखवले. म्हणजे दुखणे ज्या मार्गाने थांबते, त्याच मार्गाने जठराचे संरक्षणही जाते. हा परिणाम रक्तावाटे होत असल्याने गोळीऐवजी इंजेक्शन घेतले किंवा गोळी भरल्या पोटी घेतली, तरी धोका टळत नाही. सांध्यावर लावायच्या मलमातून मात्र औषध रक्तात फारच थोडे उतरते, आणि पॅरासिटामॉल या गटातले नाही. नुसत्या या दोहोंवर भागत असेल तर जठररक्षक गोळीची सहसा गरज नसते.

धोक्यातली तफावत किती मोठी असते, हे अमेरिका आणि कॅनडातल्या एका चाचणीत दिसले. ती 1995 मध्ये प्रसिद्ध झाली. आमवाताच्या 8,843 रुग्णांपैकी निम्म्यांना वेदनाशामकासोबत मिसोप्रोस्टॉल हे जठररक्षक औषध दिले होते आणि उरलेल्यांना औषध नसलेली गोळी. सहा महिन्यांत रक्तस्राव किंवा जठराला छिद्र पडण्यासारखी गंभीर गुंतागुंत नुसत्या वेदनाशामकावर हजारी सुमारे 9 ते 10 जणांना झाली, तर जठररक्षक घेणाऱ्यांत 5 ते 6 जणांना. सरसकट पाहिले तर हा फायदा लहानच वाटतो. पण वय 75 च्या पुढे, पूर्वी व्रण, पूर्वी रक्तस्राव आणि हृदयविकार या चारांपैकी एकही गोष्ट नसलेल्यांत धोका 0.4 टक्के होता आणि चारही असलेल्यांत सुमारे 9 टक्के. मिसोप्रोस्टॉलने जुलाब होतात आणि गर्भवतींना ते धोक्याचे आहे, म्हणून पुढे ते मागे पडले.

गुडघे झिजलेल्या 72 वर्षांच्या आजी रोज दोन वेळा डायक्लोफेनॅक घेतात आणि हृदयासाठी ॲस्पिरिनची 75 मिलिग्रॅमची गोळीही घेतात, असे समजू. वय आणि ॲस्पिरिन ही दोन कारणे एकत्र आली, म्हणून त्यांना जठररक्षक गोळी हवीच. सोबत वॉरफेरिनसारखे रक्त पातळ करणारे औषध किंवा स्टेरॉइड असते, तर धोका आणखी वाढला असता. याउलट 35 वर्षांचा धडधाकट माणूस आठवडाभर वेदनाशामक घेणार असेल, तर त्याला होणारा फायदा नगण्य. तोच माणूस मणक्याच्या संधिवातासाठी वर्षानुवर्षे गोळ्या घेणार असेल, तर धोका कमी असला तरी तो साचत जातो. अशा वेळी बरेच डॉक्टर जठररक्षक गोळी सुरू करतात आणि ते योग्यच आहे.

सर्वांत अवघड स्थिती पूर्वी व्रणातून रक्तस्राव झालेल्यांची. हाँगकाँगमध्ये 2002 साली अशा रुग्णांत डायक्लोफेनॅक व ओमेप्राझोल ही जोडी आणि जठराला तुलनेने कमी इजा करणारे सेलेकॉक्सिब हे वेदनाशामक नुसते, यांची तुलना झाली. सहा महिन्यांत पुन्हा रक्तस्राव झालेल्यांचे प्रमाण अनुक्रमे 6.4 आणि 4.9 टक्के होते, म्हणजे दोन्ही उपाय अपुरे पडले. तिथेच 2007 मध्ये सेलेकॉक्सिबसोबत ओमेप्राझोलच्याच गटातले एसोमेप्राझोल दिल्यावर वर्षभरात एकालाही पुन्हा रक्तस्राव झाला नाही. नुसत्या सेलेकॉक्सिबवर तो 8.9 टक्के रुग्णांना झाला. त्यामुळे अशा रुग्णाचे वेदनाशामक शक्यतो टाळावे, आणि टाळता येत नसेल तर सेलेकॉक्सिब आणि जठररक्षक गोळी ही जोडी द्यावी. हेलिकोबॅक्टर पायलोरी या व्रणाला कारण ठरणाऱ्या जंतूची तपासणी करून तो आढळल्यास आधी त्याचे उपचार करावेत.

‘मला पित्ताचा त्रास नाही, मग गोळी कशाला?’ हा प्रश्न रुग्ण नेहमी विचारतात. पण वेदनाशामकाचा व्रण पुष्कळदा दुखतच नाही, कारण दुखणे दाबणारे औषध पोटात असतेच. डांबरासारखी काळी, चिकट शौचास होणे, चढताना धाप लागणे, हिमोग्लोबिन उतरणे हीच कधी कधी पहिली खूण असते. लोहाच्या गोळ्यांनीही शौचाचा रंग काळपट होतो, पण ती चिकट आणि उग्र वासाची नसते. शंका असेल तर वेदनाशामक थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. हृदयासाठीचे ॲस्पिरिन मात्र आपल्या मनाने बंद करू नये.

गोळी सकाळी नाश्त्याच्या अर्धा तास आधी घेतात. तिचे कवच जठरापुरतेच आणि त्यालगतच्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागापुरतेच असते. पुढच्या लहान आतड्यातल्या जखमा, मूत्रपिंडावरचा ताण, वाढणारा रक्तदाब आणि हृदयाचा धोका तिने कमी होत नाही. वर्षानुवर्षे घेतल्यास बी-12 किंवा मॅग्नेशियम कमी पडू शकते. वेदनाशामक कायमचे बंद झाले आणि दुसरे कारण नसेल, तर तीही बंद करायची असते. प्रत्यक्षात मात्र ती चिठ्ठीवर तशीच राहून जाते. खूप दिवसांनी एकदम सोडल्यास काही आठवडे जळजळ वाढू शकते, म्हणून डॉक्टर तिचा डोस हळूहळू कमी करतात.